पुस्तकाच्या फोटोखालच्या चार ओळी

पहिलं पुस्तक प्रकाशित होतं त्या संध्याकाळी लेखकाला आणखी एक मजकूर लिहावा लागतो आणि त्याचा विचार आधी कुणीच केलेला नसतो. व्यासपीठावरचा फोटो हातात आलेला असतो. पाहुण्यांनी पुस्तकं छातीशी धरलेली असतात, मधे लेखक अवघडून उभा असतो. हा फोटो इन्स्टाग्रामवर किंवा फेसबुकवर टाकायचा तर खाली काहीतरी लिहायला हवं. त्याला आता सगळे कॅप्शनच म्हणतात. ज्या माणसाने एकेका वाक्यासाठी रात्री घालवल्या, तोच माणूस या ओळी घरी जाताना रिक्षात बसून पाच मिनिटांत लिहून टाकतो. मग पुस्तकात जी वाक्यं त्याने कधीच ठेवली नसती, नेमकी तीच इथे उतरतात: सांगायला अत्यंत आनंद होतोय, स्वप्न साकार झालं, शब्द अपुरे पडतात, असाच लोभ असू द्यावा.

या ओळींना मी फार महत्त्व देते, कारण त्यांत दोन खरी देणी असतात. एक देणं पुस्तक छापायच्या आधी ज्यांनी ते हस्तलिखितात वाचलं त्यांचं. हे वाचक बहुधा मित्र, सहकारी, एखादे जुने शिक्षक असतात. त्यांना मानधन नसतं, मुखपृष्ठावर त्यांचं नाव नसतं आणि त्यांनी वाचलेला मजकूर चुकांनी भरलेला असतो. दुसरं देणं घरच्यांचं. पुस्तक होईपर्यंत घर एका माणसाशिवाय चालवलेलं असतं, तेही तो माणूस घरातच बसलेला असताना. ही दोन्ही देणी चुकती करायला लेखक बसतो आणि हातून जाहिरात लिहिली जाते. असं का होतं आणि ते टाळायचं कसं, हे एक उदाहरण घेऊन बघू. उदाहरणातली कादंबरी आणि माणसं मी या लेखापुरती रचली आहेत. अडचणी मात्र हस्तलिखितं वाचण्याच्या माझ्या कामात नेहमी दिसणाऱ्या आहेत.

समजा, इचलकरंजीत बँकेत नोकरी करणारी एक बाई आहे. यंत्रमागावर काम करणाऱ्या एका कुटुंबावर तिने पहिली कादंबरी लिहिली. प्रकाशन झालं. रात्री तिने मोबाइलवर हा पहिला खर्डा लिहिला:

“सांगायला अत्यंत आनंद होतोय की माझी पहिलीवहिली कादंबरी आज मान्यवरांच्या हस्ते वाचकांच्या भेटीला आली! हा प्रवास सोपा नव्हता. माझ्या पहिल्या वाचकांच्या मौलिक सूचनांशिवाय आणि माझ्या कुटुंबाच्या भक्कम पाठिंब्याशिवाय हे स्वप्न कधीच पूर्ण झालं नसतं. शब्द अपुरे आहेत. कष्टकऱ्यांच्या जीवनाचं विदारक वास्तव मांडणारी ही कादंबरी नक्की वाचा आणि आपल्या प्रतिक्रिया कळवा. सवलतीच्या दरात प्रती उपलब्ध.”

यात खोटं काहीच नाही. तिला आनंद झालाच आहे, सूचना मौलिक होत्याच आणि पाठिंबाही होता. तरी वाचताना वाटतं की हे आपल्याला काहीतरी विकायला आलं आहे. शेवटची सवलतीची ओळ काढली तरी तसंच वाटत राहतं. म्हणजे खोट त्या ओळीपुरती नाही. “मौलिक सूचना” आणि “भक्कम पाठिंबा” हे शब्द कुठल्याही पुस्तकाखाली, कुठल्याही लेखकाच्या तोंडी चालतील असे आहेत. आभार कुणाचे आणि कशाबद्दल, हे कळतच नाही. ज्याचे आभार मानले त्या माणसालाही त्यात आपण दिसत नाही. तो लाइक करतो, अभिनंदन लिहितो आणि पुढे जातो. आभाराचा मजकूर असा पोकळ झाला की त्यात एकच गोष्ट भरीव उरते, ती म्हणजे पुस्तकाची विक्री.

तेव्हा कॅप्शन लिहायला बसण्याआधी एक काम करावं. हस्तलिखित ज्यांनी वाचलं त्यांची नावं कागदावर लिहावीत आणि प्रत्येक नावापुढे त्यांच्यामुळे पुस्तकात काय बदललं ते एका वाक्यात लिहावं. “खूप मदत केली” असं लिहायचं नाही. कुठलं पान, कुठला प्रसंग, आधी काय होतं, आता काय आहे, एवढंच लिहायचं. हे आठवायला जुने खर्डे आणि त्या वेळचे निरोप उघडावे लागतात, आणि तेवढा वेळ द्यावा.

आपल्या लेखिकेच्या कागदावर पहिलं नाव अण्णांचं आलं. अण्णा शेजारच्या गल्लीत राहतात. उभं आयुष्य त्यांनी जॉबर म्हणून काढलं, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणं, बसवणं, चालते ठेवणं. तिने त्यांना हस्तलिखिताची प्रिंट दिली तेव्हा त्यांनी ती पेन्सिल घेऊन वाचली. त्यांनी दाखवलेल्या गोष्टी पुष्कळ होत्या. एका प्रसंगात नायक चालू मागावरच कांडी बदलत होता. अण्णांनी समासात लिहिलं की साध्या मागावर धोट्यातली कांडी संपली की आधी माग थांबवावा लागतो. दुसऱ्या ठिकाणी दोन कामगार मागाशेजारी उभे राहून घरच्या कर्जाबद्दल पाच पानं बोलत होते. तिथे अण्णांनी आडवी रेघ मारून लिहिलं होतं की शेडमध्ये इतक्या आवाजात असं बोलणं होतच नाही, माणसं खुणा करतात किंवा कानाशी तोंड नेऊन दोन शब्द ओरडतात. मग लेखिकेने तो सगळा संवाद कारखान्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर नेला.

आता कॅप्शनमध्ये यातलं काय घ्यायचं? कांडीची दुरुस्ती मागवाल्यांना लगेच कळेल, पण बाकीच्यांना धोटा म्हणजे काय, कांडी कशाची, हे समजवावं लागेल आणि तोवर आभार मागे पडतील. खुणांची गोष्ट कुणालाही समजते. मागाचा आवाज कधी न ऐकलेल्या माणसालाही ती वाचल्यावर ती शेड डोळ्यांपुढे येते. म्हणून ती घ्यावी. दुरुस्ती निवडताना ती किती मोठी होती यापेक्षा बाहेरच्या माणसाला ती एका वाक्यात कळते का, हे बघावं.

हे वाक्य लिहून झालं की आणखी एक गोष्ट आपोआप होते. “शेडमध्ये माणसं खुणांनी बोलतात हे अण्णांनी सांगितलं” एवढं वाचल्यावर कादंबरी कुठल्या जगातली आहे, लेखिकेने ते किती जवळून बघायचा प्रयत्न केला, तिला कुणी दुरुस्त केलेलं चालतं की नाही, हे सगळं कळून जातं. “विदारक वास्तव” असं लिहून यातलं काहीच कळलं नव्हतं. नेमके आभार मानले की पुस्तकाचा परिचय त्यातच होऊन जातो. वेगळी स्तुती करावी लागत नाही आणि ती लेखकाच्या तोंडी शोभतही नाही.

दुसरं नाव बँकेतल्या एका ज्येष्ठ सहकारी ताईंचं होतं. इथे लेखिका अडली. कारण ताईंनी कादंबरी पूर्ण वाचलीच नव्हती. नव्वदाव्या पानावर त्या थांबल्या आणि त्यांनी फोन करून सांगितलं की मला यापुढे वाचवत नाही, सगळी माणसं एकसारखीच बोलायला लागली आहेत. लेखिकेला ते लागलं. काही महिने तिने हस्तलिखिताला हात लावला नाही. मग नव्वदाव्या पानापासून पुढचं सगळं तिने नव्याने लिहिलं. माझ्या मते आभाराच्या कागदावर ताईंचं नाव सर्वांत वर हवं. ज्यांनी कौतुक केलं त्यांनी लेखकाला बळ दिलं, पण अर्ध्यावर थांबलो असं तोंडावर सांगणारा वाचक पुस्तकाला मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. त्यासाठी त्या माणसाने मैत्री पणाला लावलेली असते.

बरेच नवे लेखक नेमकं उलटं करतात. पहिल्या वाचकांचे आभार मानताना त्यांची कौतुकाची वाक्यं अवतरणात टाकतात. अमुक ताई म्हणाल्या, एका बैठकीत संपवलं. तमुक सर म्हणाले, डोळे पाणावले. या वाक्यांवर नाव वाचकाचं असतं, पण कौतुक पुस्तकाचं असतं. ती वाक्यं मलपृष्ठावर ठीक आहेत, तिथे वाचक ती तशीच समजून घेतो. आभारात ती आली की ज्याचे आभार मानायचे त्यालाच आपण प्रचाराला जुंपलं असं होतं. म्हणून मी लिहिणाऱ्यांना सांगते की त्या माणसाने पुस्तकाबद्दल काय म्हटलं ते बाजूला ठेवा, पुस्तकासाठी काय केलं ते लिहा.

नेमकं लिहिण्यात एक धोकाही आहे. “मागाविषयीचा सगळा तपशील अण्णांनी तपासून दिला” असं लिहिलं तर कादंबरीत राहिलेली प्रत्येक चूक अण्णांच्या माथी बसते. गावात चार मागवाले वाचणार आणि अण्णांना चौकात विचारणार. पुस्तकातल्या ऋणनिर्देशात “राहिलेल्या चुका माझ्या” असं लिहायची जुनी चाल आहे, ती याचसाठी. कॅप्शनमध्ये तेवढी जागा नसते. तेव्हा क्रियापदच जपून निवडावं. अण्णांनी अमुक एक गोष्ट सांगितली, त्यामुळे अमुक एक प्रसंग बदलला, एवढ्यावर थांबावं. तपासलं, प्रमाणित केलं, मान्य केलं, हे शब्द टाळावेत.

आता घरच्यांकडे येऊ. हा भाग जास्त अवघड आहे आणि इथेच सर्वांत जास्त ठोकळेबाज लिहिलं जातं. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक असलेले ब्रूस होल्सिंगर यांनी २०१७ मध्ये जुन्या विद्वत्तापूर्ण पुस्तकांच्या ऋणनिर्देशांची छायाचित्रं ट्विटरवर टाकायला सुरुवात केली. त्या सर्वांत एक समान गोष्ट होती. लेखक आपल्या पत्नीचे आभार मानत होते, तिने संपूर्ण हस्तलिखित टंकलिखित केल्याबद्दल, काही ठिकाणी तर अनेकदा केल्याबद्दल, आणि तिचं नाव कुठेच नव्हतं. ती फक्त “माझी पत्नी” होती. #ThanksForTyping या खुणेखाली लोकांनी अशी असंख्य पानं गोळा केली. त्या लेखकांच्या मनात कृतज्ञता नव्हती असं मला वाटत नाही. पण त्या पानांवर एक गोष्ट उघडी पडली: काम करणाऱ्याचं नाव नसेल तर आभार छापील असूनही तो माणूस पुसला जातो.

मराठी कॅप्शनमध्ये पुसून टाकायची पद्धत वेगळी आहे. “घरच्यांचे आभार मानले तर त्यांना आवडायचं नाही” असं लिहून लेखक पुढे सरकतो. या वाक्यामागची भावना मला समजते. आपल्याकडे आईला किंवा नवऱ्याला कुणी तोंडावर धन्यवाद म्हणत नाही, ते परकं वाटतं. पण त्या संकोचाच्या आड घरच्यांनी काय केलं हेच सांगायचं राहून जातं. आभार हा शब्द न वापरताही सांगता येतं. जे घडलं ते लिहायचं आणि तिथेच थांबायचं.

आपल्या लेखिकेच्या घरी काय घडलं होतं? तिला लिहायला फक्त रविवार मिळायचा. घरात मोठं टेबल एकच, जेवणाचं. दोन वर्षं दर रविवारी त्या टेबलावर तिचे कागद, लॅपटॉप आणि अण्णांची पेन्सिलीच्या खुणांची प्रत पसरलेली असायची आणि बाकीचे चौघे हॉलमध्ये खाली बसून जेवायचे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना खाली बसणं सोपं नव्हतं. त्या दर रविवारी विचारायच्या, “कधी संपणार गं तुझं हे?” पण टेबल रिकामं कर असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. रविवारचा स्वयंपाक नवऱ्याने अंगावर घेतला. मुलगी त्या काळात दहावीत होती.

लेखिकेने आधी लिहिलं होतं, “सासूबाईंनी कधी एका शब्दानेही तक्रार केली नाही.” हे खरं नव्हतं आणि खरं नसल्यामुळे त्या वाक्यात सासूबाई दिसतही नव्हत्या. दर रविवारी विचारणारी, तरी टेबल न मागणारी बाई जास्त खरी आहे, आणि तिने धरलेला धीरही त्यात जास्त दिसतो. धीर धरणाऱ्या माणसाला त्रास होतच असतो. तो पुसून त्याला देवघरात बसवलं की त्याने केलेली गोष्ट हलकी होते.

पण खरं तेवढं सगळं चव्हाट्यावर आणायचं असंही नाही. गुडघेदुखीचं वाक्य लेखिकेला फार लिहावंसं वाटत होतं, कारण तिला स्वतःला ते बोचत होतं. ते काढलं. सासूबाईंचं दुखणं हजार लोकांनी वाचावं का, हे ठरवायचा हक्क सासूबाईंचा. मुलीने तर स्पष्ट सांगितलं, “माझ्या दहावीचं काही लिहू नकोस.” तिच्या वर्गातली मुलं ते वाचणार होती. तेव्हा मुलगी कॅप्शनमध्ये “घरचे” या शब्दात राहिली. आईने पुस्तकाची प्रत देताना पहिल्या पानावर तिच्यासाठी वेगळं लिहिलं, आणि ते त्या दोघींत आहे. घरातल्या अल्पवयीन मुलांच्या बाबतीत, आजारपणाच्या, पैशाच्या, नोकरी सोडल्याच्या बाबतीत हाच विचार करावा. त्याग मोठा दाखवला की लेखकाची धडपडही मोठी दिसते, आणि असं लिहिलेलं आभाराच्या नावाखाली पुन्हा स्वतःचंच कौतुक होतं. हे लिहिताना लक्षात येत नाही. मजकूर मोठ्याने त्या माणसासमोर वाचला की येतं.

मजकूर किती लांब असावा याला माध्यमाचीही मर्यादा आहे. इन्स्टाग्रामवर एका कॅप्शनला २,२०० चिन्हांची मुभा असते. देवनागरीत हा हिशेब डोळ्याला दिसतो त्यापेक्षा वेगळा असतो. “पहिल्या” या शब्दात आपल्याला तीन अक्षरं दिसतात, पण वेलांटी, काना आणि जोडाक्षरातला हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हं म्हणून मोजली जातात, त्यामुळे त्या एका शब्दाची सात चिन्हं होतात. जागा आणि विरामचिन्हं धरली तर मराठीत तीनशेच्या आसपास शब्द बसतात. आभाराला तेवढे पुरेसे आहेत, बहुतेक वेळा निम्मेही जास्त होतात. खरी अडचण दुसरी आहे. पडद्यावर सुरुवातीला जेमतेम पहिली एक-दोन ओळ दिसते आणि बाकीचं झाकलेलं राहतं. बोट लावलं तरच ते उघडतं. म्हणजे जर पहिली ओळ “सांगायला अत्यंत आनंद होतोय की” अशी असेल, तर बहुतेकांना दिसलेलं कॅप्शन तेवढंच असतं. अण्णा आणि सासूबाई खालच्या झाकलेल्या भागात राहतात. म्हणून ज्याचे आभार मानायचे त्याने केलेल्या गोष्टीपासूनच सुरुवात करावी. पुस्तक आलं ही बातमी फोटोत दिसतेच आहे, ती खाली शेवटी आली तरी चालते.

लेखिकेचं शेवटचं कॅप्शन असं झालं:

“मागाच्या शेडमध्ये माणसं बोलत नाहीत, खुणा करतात. हे अण्णांनी सांगितलं तेव्हा माझं पाचवं प्रकरण लिहून झालं होतं आणि त्यात दोन कामगार मागाशेजारी उभे राहून पाच पानं बोलत होते. आता ते चहाच्या टपरीवर बोलतात.

ताईंनी नव्वदाव्या पानावर वाचन थांबवलं आणि फोन करून तसं सांगितलं. तिथून पुढचं सगळं मी पुन्हा लिहिलं. नवा खर्डाही त्यांनीच पहिल्यांदा वाचला, या वेळी शेवटपर्यंत. अण्णा, ताई, मी तुमची ऋणी आहे.

आमच्याकडे दोन वर्षं दर रविवारी जेवणाच्या टेबलावर माझे कागद होते आणि घरचे खाली बसून जेवत होते. सासूबाई दर वेळी विचारायच्या, कधी संपणार? टेबल मात्र त्यांनी कधी परत मागितलं नाही. रविवारचा स्वयंपाक नवऱ्याने केला.

आज कादंबरी प्रकाशित झाली. ज्यांनी ज्यांनी हात लावला त्या सगळ्यांची नावं पुस्तकाच्या सुरुवातीला आहेत.”

प्रत्यक्षात अण्णा, ताई, सासूबाई आणि नवरा यांच्या जागी किंवा त्यांच्याबरोबर त्यांची नावं येतील. होल्सिंगर यांनी दाखवलेली पानं आठवली तर नवऱ्याचं नावही यायला हवं. दोन वाचकांना एकदा सरळ हाक मारून ऋणी म्हटलं आहे, ते पुरे. घरच्यांच्या परिच्छेदात आभाराचा शब्दच नाही आणि मला तो तिथे नको वाटतो.

शेवटच्या ओळीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण लेखकांची खरी घालमेल तिथे होते. संपादक, मुद्रितशोधन करणारे, मुखपृष्ठ करणारा चित्रकार, अक्षरजुळणी, प्रकाशक, तिसरा वाचक, चौथा वाचक, लहानपणी पुस्तकं देणाऱ्या ग्रंथपाल बाई: कुणाला वगळायचं? सगळ्यांना घेतलं की चाळीस नावांची यादी होते आणि यादीत कुणीच दिसत नाही. पुस्तकात ऋणनिर्देशाचं पान त्यासाठीच असतं. तिथे नावं पूर्ण, बरोबर आणि शांतपणे देता येतात, आणि ते पान पुस्तक असेपर्यंत टिकतं. कॅप्शनने ते काम पुन्हा करू नये. दोन माणसं आणि एक घर नीट दाखवावं आणि बाकीच्यांसाठी त्या पानाकडे बोट करावं. ज्यांची नावं कॅप्शनमध्ये येणार नाहीत त्यांना त्याच दिवशी फोन करावा किंवा प्रत द्यावी. एका वाचकाला दोन हजार लोकांसमोर मानलेल्या आभारापेक्षा दारात येऊन दिलेली प्रत कमी वाटत नाही.

पुस्तक कुठे मिळेल, किंमत किती, हे लोकांना खरंच हवं असतं आणि ते सांगण्यात कमीपणा काहीच नाही. प्रकाशकाचे पैसे त्यात गुंतलेले असतात, पहिल्या पुस्तकाच्या प्रती खपल्या नाहीत तर दुसरं कोण छापणार, ही काळजीही खरी आहे. पण ते दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या फोटोखाली, सरळ शब्दांत सांगावं: अमुक प्रकाशन, इतकी पानं, इतकी किंमत, इथे मिळेल. विक्रीची पोस्ट विक्रीची म्हणून केली की ती प्रामाणिक असते आणि कुणाला खटकत नाही. आभार आणि सवलत एकाच मजकुरात आले की आभारांचीच किंमत लावल्यासारखी होते. प्रकाशनाच्या दिवशीच सांगायची गरज असेल तर प्रकाशकाने सांगावं, किंवा खाली कुणी विचारलं की उत्तरात लिहावं. लोक विचारतातच. समारंभाची तारीख, वेळ, सभागृह, पाहुणे हेही निमंत्रणाचं काम आहे, ते आधीच झालेलं असतं.

फोटोचाही विचार करावा. पाहुणे पुस्तक उंचावून उभे आहेत त्या फोटोखाली अण्णांच्या खुणांची गोष्ट विसंगत वाटते. अण्णांच्या पेन्सिलीने रेघ मारलेलं ते हस्तलिखिताचं पान आणि शेजारी छापलेलं पुस्तक, असा फोटो त्या मजकुराला जुळतो. मान्यवरांचे फोटो वेगळे टाकावेत, त्यांचेही आभार तिथे मानावेत. दोन गोष्टी एकत्र केल्या की लोक व्यासपीठावरची नावं वाचतात आणि खालच्या माणसांकडे त्यांचं लक्ष जात नाही.

मजकूर तयार झाला की तो टाकायच्या आधी त्यातल्या प्रत्येक माणसाला दाखवावा. हे सर्वांत जास्त वगळलं जातं. अण्णांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, माझं पूर्ण नाव घाल आणि जॉबर होतो हेही घाल. ताईंना मात्र बँकेतल्या लोकांनी त्यांचं थांबणं वेगळ्या अर्थाने घेऊ नये असं वाटत होतं, म्हणून “या वेळी शेवटपर्यंत” हे शब्द त्यांच्या सांगण्यावरून आले आणि ते वाक्य त्यामुळे आणखी चांगलं झालं. नावाला टॅग करायचं का, हा प्रश्न वेगळा विचारावा. टॅग केलं की ती पोस्ट त्यांच्या ओळखीच्या लोकांपर्यंत जाते, खाली अनोळखी माणसं त्यांना उद्देशून लिहू लागतात, आणि काहींना ते नको असतं. नुसतं नाव लिहिणं आणि टॅग करणं यांत हा फरक आहे. सासूबाई यातल्या कशावरच नाहीत. त्यांना मजकूर वाचून दाखवला. त्यांनी एवढंच विचारलं की टेबलाचं लोकांना कशाला सांगायचं, आणि मग म्हणाल्या, राहू दे.

टाकल्यावर कधी कधी दोन दिवसांनी आठवतं की एक नाव ऋणनिर्देशातही राहिलं. छापलेल्या पानात ते पुढच्या आवृत्तीशिवाय येणार नाही. कॅप्शन मात्र नंतरही बदलता येतं. अशा वेळी आधी त्या माणसाला फोन करावा, भेटता आलं तर भेटावं. मग कॅप्शनमध्ये त्याने काय केलं ते एका वाक्यात घालावं, बाकीच्यांसारखंच, राहून गेल्याची कारणं न देता. आणि प्रकाशकाला त्याच दिवशी लेखी कळवून ठेवावं, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी ते नाव पुन्हा निसटणार नाही.